शेवटचा भाव किती वाजताचा

अंशुमन बेंद्रे यांना घड्याळ चालताना दिसायला हवं होतं. पुढे जे झालं ते या एका हट्टापायी झालं, आणि क्षिप्रा सबनीसने तो हट्ट निमूट पुरवला म्हणून झालं. कुणाचा वाटा किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

बेंद्र्यांचं ऑफिस गुडगावला, उद्योग विहारमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. स्वतःच्या आणि दोन भागीदारांच्या पैशावर शेअर बाजारात सौदे करायचे, एवढाच धंदा. माणसं मोजून सात. त्यात राजवीर धरून तीन ट्रेडर, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला शांताराम जगदाळे. क्षिप्रा सगळ्यांत नवीन, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. कॉम्प्युटरचं जे काही असेल ते तिचं. जन्म दिल्लीचा, आईवडील आता नाशिकला, ती दिल्लीतच, मुनिरक्यात एका खोलीत भाड्याने. नोकरी कायम झाली तर खोलीचं भाडं पगारातून सुटणार होतं आणि वडिलांचे रोजचे फोन बंद होणार होते. यातलं दुसरं तिला जास्त हवं होतं.

जगदाळ्यांची गोष्ट वेगळी. माण तालुक्यातला माणूस, फौजेत बावीस वर्षं, त्यातली चौदा रडारसमोर. निवृत्त होऊन दिल्लीतच राहिला, पालमला घर केलं. बेंद्र्यांनी त्यांना ठेवलं ते एकाच गुणावर. सहा तास पडद्याकडे बघत बसायचं आणि कंटाळायचं नाही, हे काम बाजारातल्या लोकांना जमत नाही. ट्रेडर आपापल्या सौद्यावर जीव लावून बसतात. तोटा व्हायला लागला की त्यांना आशा सुटत नाही. सगळ्यांचा मिळून तोटा किती झाला, हे बघायला आशा नसलेला माणूस लागतो.

ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणायचे. काकांची पद्धत फौजेतली. दर पंधरा मिनिटांनी खुर्चीतून उठून उभं राहायचं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं वाचायचं. वेळ, एकूण नफा की तोटा, आणि मर्यादा. दिवसाच्या तोट्याची मर्यादा तीन लाख. ती ओलांडली की टेबलावरची घंटी वाजवायची, आणि घंटी वाजली की सगळे सौदे तिथल्या तिथे बंद. त्यावर चर्चा नाही, मालकाचीसुद्धा नाही. आणि घंटी वाजली नाही तोवर कुणी घाबरून सौदा कापायचा नाही, हाही नियमच.

तर हे वाचन करायला काका तीन ट्रेडरांच्या तीन पडद्यांवरून आकडे घ्यायचे आणि कॅल्क्युलेटरवर बेरीज करायचे. चार मिनिटं जायची. चार मिनिटांत बाजार कुठल्या कुठे जातो. म्हणून बेंद्र्यांनी क्षिप्राला बोलावलं.

"एक पेज बनव यार. काकांना सगळं एका जागी दिसलं पाहिजे. कुठला सौदा उघडा आहे, किती, कुठल्या भावाला घेतला, आत्ता भाव काय. आणि खाली लास्ट रिफ्रेशची वेळ. सिंपल."

सिंपल होतंच. क्षिप्राने स्ट्रीमलिट घेतलं. पायथॉनमध्ये साठसत्तर ओळी लिहिल्या की ब्राउझरमध्ये पान उभं राहतं, वेबसाइटचा बाकी खटाटोप करावा लागत नाही. त्याची एक खोड समजून घ्यावी लागते. कुणी पानावर काही दाबलं की तो अख्खा प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत पुन्हा चालतो. पानाचा एखादाच तुकडा ठरावीक सेकंदांनी आपोआप चालत ठेवायचा असेल, तर तसं त्याला वेगळं सांगावं लागतं.

तिने सांगितलं. दर पंधरा सेकंदांनी ब्रोकरच्या सर्व्हरला विचारायचं, भाव आणायचे, तक्ता भरायचा. घेतलेल्या भावातून आत्ताचा भाव वजा, गुणिले नग, म्हणजे तोटा. भाव आणणारं फंक्शन तिने असं केलं होतं की एकदा आणलेले भाव पंधरा सेकंद जपून ठेवायचे आणि जो कोणी पान उघडेल त्याला तेच द्यायचे. पान एकाने उघडो की दहा जणांनी, ब्रोकरकडे फेरी एकच. आणि भाव ज्या क्षणी हातात आला तो क्षण त्या भावासोबतच बांधून ठेवायचा. खाली छापायची वेळ ती. पान कधी रंगवलं ते नाही, भाव कधी आला ते. हे सगळं तिने पहिल्याच दिवशी बरोबर केलं होतं, हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण नंतर तिला स्वतःलाच ते फार टोचलं.

बेंद्र्यांनी पान बघितलं. तक्ता आवडला. खालची वेळ बघून कपाळाला आठी पडली.

"हे अडकलंय."

"नाही सर, पंधरा सेकंदांनी बदलेल. बघा, आता बदललं."

"आणि मधे? मेलेलं वाटतं. बुधवारी चंदीगडचे लोक येतायत, पैसे लावणारे. त्यांना लाइव्ह म्हणून दाखवायचं आणि घड्याळ उभं? चालतं दिसलं पाहिजे, क्षिप्रा."

तिने समजावून बघितलं का? बघितलं. अर्धं वाक्य. मग "बिल्कुल सर" म्हणून जागेवर आली. प्रोबेशनचा सहावा महिना संपत आला होता आणि घड्याळावरून वाद घालण्यात तिला काही हशील वाटलं नाही.

पंधराचे दोन सेकंद केले. भाव जपून ठेवण्याची सोय काढून टाकली, कारण ताजे भाव हवेत. आता प्रत्येक उघडं पान दर दोन सेकंदांनी आपापलं ब्रोकरकडे धावायला लागलं. ब्रोकरचा सर्व्हर मधेच एखाद्या वेळी उत्तर द्यायचा नाही, की पानावर लाल चौकटीत भलीमोठी चूक उमटायची. ती बेंद्र्यांनी एकदा बघितली आणि नुसतं "हे काय" म्हणाले. म्हणून तिने भाव आणण्याच्या ओळींना आडोसा घातला. उत्तर आलं नाही तर चूक दाखवायची नाही, त्या पानाजवळ असलेला आधीचा भाव तसाच ठेवायचा, आणि लॉग फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, एक ओळ गुपचूप लिहायची. राहिलं घड्याळ. उत्तर चुकलं की तेही अडखळायचं. मग तिने भावासोबत आलेली वेळ काढली आणि त्या जागी कॉम्प्युटरची आत्ताची वेळ छापली. पान दर दोन सेकंदांनी पुन्हा रंगत होतंच. घड्याळ पळायला लागलं.

"आता कसं," बेंद्रे म्हणाले. "जिवंत वाटतं."

जगदाळे काकांनाही पान आवडलं. डिसेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिने आकडे मोठे करून दिले. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"ही खालची वेळ म्हणजे भावाची वेळ ना, पोरी?"

"हो काका," क्षिप्रा म्हणाली.

तिला खोटं बोलायचं नव्हतं. दोन सेकंदांचा तर फरक, असं तिने मनात धरलं होतं. दोन सेकंदांचा फरक कुणाला नडतो?

बुधवारी चंदीगडची मंडळी आली. पाच जण, शिवाय बेंद्र्यांचे दोन भागीदार. बाहेर हॉलमध्ये राजवीरने निफ्टीचं फ्युचर, म्हणजे निर्देशांक वर जाईल यावर लावलेला सौदा, घेऊन ठेवलं होतं, एकोणीसशे पन्नास नग, चोवीस हजार आठशेच्या भावाने. बाकी दोघांचे सौदे त्या दिवशी बंद होते. पाऊणला काकांनी उभं राहून वाचलं, उणे एक लाख सतरा हजार, मर्यादा तीन. एकला वाचलं, उणे दोन लाख चौदा हजार पाचशे, मर्यादा तीन. बाजार घसरत होता, पण रीतसर घसरत होता.

एक वाजून पाच मिनिटांनी बेंद्र्यांनी मीटिंग रूममध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर पानाची लिंक पाठवली. "अपने फोन पे देखिए, लाइव्ह है." ऑफिसच्या वायफायवर सात फोन होते, बेंद्र्यांचा आठवा, क्षिप्राचा लॅपटॉप आणि काकांचा पडदा. दहा पानं दर दोन सेकंदांनी ब्रोकरला भाव विचारायला लागली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. क्षिप्रा भिंतीवरच्या मोठ्या पडद्याशेजारी उभी राहून समजावत होती. बेंद्र्यांनी तिची ओळख "हमारी टेक्नॉलजी हेड" अशी करून दिली, तेव्हा तिला हसू आवरावं लागलं. टेक्नॉलजीत हेड तीच आणि पाय तीच.

सव्वा एकला काच ओलांडून काकांचा आवाज आत आला. "तेरा पंधरा. उणे दोन लाख त्र्याहत्तर हजार. मर्यादा तीन." पाहुण्यांपैकी एकाला ही पद्धत फार पसंत पडली. बेंद्रे खूश झाले. एक वीसला सगळे फोन खिशात घालून जेवायला खाली गेले.

एक बावीसला घंटी वाजली. वाजली तेव्हा तोटा सात लाख दोन हजार होता.

राजवीरने सौदा तोडला आणि हेडफोन टेबलावर टाकला. भाव पडतोय हे त्याला त्याच्या पडद्यावर दिसत होतं. पण काकांनी सव्वा एकला दोन त्र्याहत्तर वाचलं होतं आणि त्यानंतर घंटी नव्हती. राजवीरने कॅल्क्युलेटर काढला नाही. ट्रेडर अशा वेळी कॅल्क्युलेटर काढत नाही, भाव परत वर येईल का ते बघत बसतो. नियम मोडला नाही, एवढं त्याला सांगता येत होतं, आणि तो ते सगळ्यांना सांगत होता.

बेंद्रे धावत वर आले. ब्रोकरच्या रेकॉर्डमधून एक पंधराचा भाव काढला. चोवीस हजार पाचशे चाळीस. म्हणजे तेव्हाच तोटा पाच लाख सात हजार होता. काकांनी दोन त्र्याहत्तर वाचलं होतं.

"काका, हे कसं वाचलंत तुम्ही?"

जगदाळे उभेच होते. "मला चोवीस सहाशे साठ दिसलं, सर."

"किती वेळ?"

"बराच वेळ. खालची वेळ चालू होती, म्हणजे भाव तोच असणार. मग एकदम चोवीस चारशे चाळीस दिसला. मी घंटी दिली."

"भाव असा बारा-पंधरा मिनिटं एका जागी बसतो का, काका? निफ्टीचा?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पडद्यावर आता सगळं बरोबर होतं. क्षिप्रानेही बघितलं. भाव हलत होता, घड्याळ पळत होतं. डोळ्याचं ऑपरेशन सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी चूक डोळ्याची धरली, आणि आधी काकांनी धरली.

संध्याकाळी पाचला त्यांनी बेंद्र्यांच्या टेबलावर कागद ठेवला. नजरेवर भरवसा राहिलेला नाही, या महिन्याअखेर मोकळं करावं. बेंद्र्यांनी समजूत घातली, पण फार नाही. चार लाख दोन हजार मर्यादेच्या पलीकडे गेले होते आणि चंदीगडचे लोक जेवून निघून गेले होते.

गुरुवारी सकाळी बेंद्र्यांनी क्षिप्राला सांगितलं की आता घंटी पानानेच वाजवायची, तसा अलार्म बसव. अलार्म बसवायच्या आधी नेहमीप्रमाणे तिने लॉग फाइल उघडली. तेरा वाजून सात मिनिटांपासून एकच ओळ खाली खाली गेली होती. शेकड्यांनी. ब्रोकरच्या सर्व्हरचं उत्तर: विचारणा फार झाल्या. शेवटची ओळ तेरा वाजून एकवीस मिनिटांची.

तिने ब्रोकरच्या नियमांचं पान काढलं. सेकंदाला तीन विचारणा चालतील. जास्त झाल्या तर उत्तर बंद, आणि जोवर जास्तच होत राहतील तोवर बंदच. दहा पानं, दर दोन सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पाच. फोन खिशात गेले, पानं मिटली, भाव पुन्हा यायला लागला. मधल्या चौदा मिनिटांत दहाही पानांवर एक सातचा भाव होता आणि खाली पळतं घड्याळ. काकांना चोवीस सहाशे साठ दिसलं, कारण तिथे चोवीस सहाशे साठच लिहिलेलं होतं. त्याच आकड्याने मीटिंग रूममध्ये तीही पाहुण्यांना समजावत होती. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं.

तिला कसं वाटलं, ते सरळ सांगतो. आधी लाज वाटली. आणि त्याच्या पाठोपाठ, लाज पुरती वाटून व्हायच्या आत, हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही हा विचार आला. लॉग फक्त तीच बघते. नोकरी कायम झाल्याचं पत्र सोमवारी मिळणार आहे. तिने फाइल बंद केली.

बाजार बंद झाल्यावर तिने घड्याळ मात्र दुरुस्त केलं. भाव पुन्हा एकदाच आणून सगळ्या पानांना वाटायचा. खाली भाव आल्याची वेळ, आणि भाव दहा सेकंदांहून जुना झाला की ती ओळ लाल. पंधराचे पाच सेकंद केले, म्हणजे बेंद्र्यांनाही फार उभं वाटू नये. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. चूक सुधारली म्हणजे झालं, असं तिने शुक्रवारभर स्वतःला पटवलं. शुक्रवारी काका मेट्रोने आले. रोज स्कूटरवर यायचे. भीमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, किल्ली काढून ठेवली होती.

सोमवारी अकरा वाजता क्षिप्राला पत्र मिळालं. नोकरी कायम, पगारात वाढ. तिने नाशिकला फोन केला. वडील म्हणाले, आता निश्चिंत झोपेन. ती म्हणाली, हो.

मंगळवारी काका अर्धा दिवस उशिरा आले. कॅन्टोनमेंटमधल्या मिलिटरी हॉस्पिटलला गेले होते. जेवायच्या सुट्टीत पँट्रीत ते आणि क्षिप्रा समोरासमोर बसले. काकांनी डबा उघडला, भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"काय म्हणाले डॉक्टर?" क्षिप्राने विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"डोळा फर्स्ट क्लास आहे म्हणाले. दोन्ही. सगळ्यांत खालची ओळ पण वाचली मी."

"अरे वा. मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? डोळा बरोबर आहे आणि दिसलं ते चूक. मग बिघाड वर आहे." त्यांनी बोट कपाळाला लावलं. आवाज हॉलमध्ये आकडे वाचतानाचाच होता. "माझ्या वडलांना असंच झालं होतं शेवटी. नसलेलं दिसायचं. शुक्रवारी मेंदूच्या डॉक्टरची तारीख दिली आहे. हिला फोनवर सांगितलंय. तिने तर बुधवारपासूनच मला गॅसजवळ जाऊ दिलेलं नाही."

क्षिप्रा उठली. डबा तिने झाकलासुद्धा नाही.

बेंद्र्यांच्या केबिनमध्ये तिने लॉगची छापलेली पानं टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. लिंक, दहा पानं, सेकंदाला पाच, जुना भाव, आत्ताची वेळ. बेंद्रे पानं चाळत राहिले. एकच ओळ असलेली पानं चाळण्यात काय असतं, पण चाळत राहिले.

"मी घड्याळ चालतं दिसू दे म्हटलं होतं," ते शेवटी म्हणाले. "खोटं चालव म्हटलं नव्हतं."

"नाही सर. ते मी केलं."

"आणि लिंक मी पाठवली." बेंद्र्यांनी ड्रॉवर उघडून काकांचा कागद काढला, बघितला आणि फाडून डस्टबिनमध्ये टाकला. त्यांच्या बाजूने सांगायचं तर यात त्यांनी वेळ घालवला नाही. "ते राहतील. मी बोलतो त्यांच्याशी. पण आधी तू जा. हे तुझ्या तोंडून ऐकायला हवं त्यांनी. तुझं काय करायचं ते नंतर बघू."

काका पँट्रीतच होते. डबा धुऊन पुसत होते. क्षिप्राने लॅपटॉप सोबत नेला होता. तिला वाटलं होतं, नुसतं बोलून पटणार नाही. जुना प्रोग्रॅम तिने वेगळा जपून ठेवला होता. तो चालू केला, पान उघडलं, तक्ता आला, घड्याळ पळायला लागलं. मग तिने ब्रोकरचा पत्ता मुद्दाम एका अक्षराने बिघडवला, म्हणजे भाव येणंच बंद.

"आता बघा काका."

काका बघत राहिले. रडारसमोर बसल्यासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर. भाव हलला नाही. घड्याळ दोन-दोन सेकंदांनी पुढे जात राहिलं. एक मिनिट झालं. दीड झालं. चहाला आलेला राजवीर मागे उभा राहिला आणि चहा न घेताच परत गेला.

"बुधवारी असंच झालं," ती म्हणाली. "तुम्हाला बरोबर दिसलं होतं. पानच चूक होतं. खाली जी वेळ होती ती भावाची नव्हती, नुसती कॉम्प्युटरची होती. तुम्ही मला विचारलं होतं तेव्हा मी हो म्हटलं, ते खोटं होतं."

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"मला चोवीस सहाशे साठ दिसलं होतं."

"हो काका. तेच लिहिलेलं होतं."

"तेच होतं."

"तेच होतं."

त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि पाठ खुर्चीला टेकवली. या माणसाची पाठ खुर्चीला टेकलेली क्षिप्राने सहा महिन्यांत बघितली नव्हती. आता ते हसतील, किंवा चिडतील, असं तिला वाटलं. दोन्हीची तिने तयारी केली होती.

"तुला कधी कळलं?"

याची केली नव्हती.

"गुरुवारी," ती म्हणाली. "सकाळी."

काकांनी बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, आज. मोजून झाल्यावर मूठ तशीच मिटलेली ठेवली. त्यांनी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं, आणि बहुधा हे त्यांनाही कळत होतं.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि कानाला धरला.

"मी बोलतोय. हां, जेवलो. ऐक, डोक्यात बिघाड नाही माझ्या. बुधवारी मशीनच चूक दाखवत होतं." पलीकडून काही बोलणं झालं. काका ऐकत राहिले. "नाही गं, तुझी समजूत काढायला नाही सांगत. खरंच." पुन्हा ऐकलं. मग त्यांनी फोन कानावरून खाली घेतला आणि क्षिप्रापुढे धरला.

"तिला वाटतंय मी उगाच सांगतोय, शुक्रवारी डॉक्टरकडे जायला नको म्हणून. तू सांग."

क्षिप्राने फोन घेतला. भीमाबाईंना ती एकदाच भेटली होती, दिवाळीला. त्यांनी सगळ्या ऑफिससाठी चिवडा पाठवला नव्हता, स्वतः घेऊन आल्या होत्या.

"काकू, मी क्षिप्रा. ऑफिसमधून."

"बोल बाळ."

स्ट्रीमलिट, सर्व्हर, लॉग, यातलं काहीच इथे कामाचं नव्हतं. घरात बोलायचं मराठी तेवढं तिच्याजवळ होतं आणि तेही अर्धं हिंदी. तिने एकेक शब्द शोधून लावला.

"काकू, काका खरं सांगतायत. ते जिथे बघतात ते पान मी बनवलंय. त्यात भाव जुना होता आणि घड्याळ नवीन होतं. बघणाऱ्याला वाटणार की भाव आत्ताचा आहे. कुणालाही वाटलं असतं. मलापण वाटलं. काकांनी जे लिहिलं होतं तेच वाचलं. डोळे ठीक आहेत, डोकं पण ठीक आहे. चूक माझी आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. भीमाबाई रडत होत्या की पदराने तोंड पुसत होत्या, ते फोनवर कळत नाही.

"देवा," त्या म्हणाल्या. "सहा दिवस झोपले नाहीत गं ते. मी पण नाही. उठून उठून बघत होते, मला ओळखतात का म्हणून." त्यांनी विचारलं, "मग आज कळलं का तुम्हाला हे?"

काका समोर बसले होते. ते तिच्याकडे बघत नव्हते, पण ऐकत होते.

"नाही काकू. मला गुरुवारीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

या प्रश्नावर तिला हवी तितकी उत्तरं सुचली असती. काम होतं, खात्री करून घ्यायची होती, सर नव्हते. सरांचं तर खोटंच पडलं असतं, सर रोज होते.

"माझी नोकरी सोमवारी कायम व्हायची होती," क्षिप्रा म्हणाली.

"अच्छा," भीमाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. आपल्या लेकीला विचारावं तसं त्यांनी विचारलं. "मग झाली का?"

क्षिप्राने काकांकडे बघितलं. दीड वाजला होता. काका खुर्चीतून उठले आणि आकडा वाचायला हॉलकडे निघाले.

"हो काकू," ती म्हणाली. "झाली."